मदत हवी आहे: पेन्शन आपल्या चलनात, राहणं परदेशात. ३०% घसरणीचा हा हिशेब बरोबर आहे का?

सायंप्रवासी
पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. काही वर्षं परदेशात राहायचं आम्हा दोघांच्या मनात आहे. उत्पन्न एकच, पेन्शन, आणि ती इथल्याच चलनात जमा होणार. आकडे सोपे व्हावेत म्हणून पेन्शन महिना १०० धरतो. कर, विम्याचा हप्ता आणि इथल्या घराचा खर्च मिळून १८ इथेच जातात. उरले ८२. तिथला सगळा खर्च, पैसे पाठवण्याच्या शुल्कासकट, आजच्या दराने ६२ होतो.

आपलं चलन ३०% घसरलं तर काय होईल हे बघायला एक्सेलमध्ये असं लिहिलं:

```
=62*1.3
```

उत्तर ८०.६. म्हणजे ८२ मध्ये बसतंय. बायको म्हणते, भागतंय ना, मग तिकिटं बघू या. मला मात्र हे इतकं काठोकाठ बसलेलं पाहून रात्री झोप लागत नाही. कुठे चुकतंय का?

पाऊलवाट
माझी मुलगी बाहेर असते, ती दर महिन्याला आम्हाला पैसे पाठवते. आपलं चलन घसरलं की आमच्या हातात जास्तच पडतात. तुम्ही उगाच घाबरताय.

सायंप्रवासी
ताई, तुमच्याकडे पैसे बाहेरून येतात, माझे इथून बाहेर जाणार. तुमचा फायदा तो माझा तोटा.

जमाखर्च
तुमच्या झोपेचं बरोबर आहे, सूत्राचं चुकलंय. ३०% घसरण म्हणजे तुमच्या १०० चे तिथे ७० च मिळणार. म्हणून १.३ ने गुणायचं नाही, ०.७ ने भागायचं.

```
=62/0.7
```

हे ८८.६ येतं. खर्च ३०% नाही, जवळजवळ ४३% वाढला. हातात ८२, म्हणजे दरमहा ६.६ ची तूट. तुमचा खरा काठ कुठे आहे तेही बघा: ६२ भागिले ८२ म्हणजे ०.७५६. साधारण २४% घसरणीपर्यंत भागतं, पुढे नाही.

आणि ३०% ही काही अतिरंजित कल्पना नाही. २००७ च्या सुरुवातीला एका पौंडाला दीड युरोच्या आसपास मिळत होते, २००८ संपताना तो १.०५ च्याही खाली होता. ब्रिटिश पेन्शनवर स्पेनमध्ये राहणाऱ्यांचा दर महिन्याचा पैसा दोन वर्षांत एवढा आटला. दीड युरोचा तो भाव नंतर परत आलेला नाही. त्यामुळे वर्षभर कळ काढू, मग दर सुधारेल, असं धरून चालू नका. घसरण होऊन तिथेच थांबली, असं धरून निदान तीन वर्षं मांडा.

हिशेबी_काका
पण चलन घसरलं की महागाई वाढते, आणि पेन्शन महागाईशी जोडलेली असेल तर तीही वाढते. हे तुम्ही धरलंच नाही.

जमाखर्च
काका, मुद्दा अर्धा बरोबर आहे. वाढ इथल्या महागाईनुसार मिळते, दर किती पडला त्यानुसार नाही. आणि मिळते तीही मागाहून. तोवर तिथला घरमालक त्याच्या चलनातलं भाडं दर महिन्याला मागणारच. शिवाय महागाई वाढली की इथले १८ सुद्धा वाढतात. मी तरी ही वाढ चाचणीत शून्य धरीन.

सायंप्रवासी
सूत्र बदललं. उणे ६.६ लाल रंगात दिसलं आणि पोटात गोळा आला. मग तीन वर्षांची तूट आधीच बाजूला काढून ठेवली तर? ६.६ गुणिले ३६, म्हणजे साधारण २३७. इथल्या बँकेत ठेवू?

जमाखर्च
ज्या संकटासाठी ठेव, तिच्या चलनावरच ते संकट येणार, हे लक्षात घ्या. तीच तूट तिथल्या चलनात आजच्या भावाने मोजली तर महिना ४.६ होते, ३६ महिन्यांची १६६. आज तिथल्या चलनात १६६ ठेवलेत तर पुरतात. इथे ठेवून घसरणीनंतर बदलायला गेलात तर २३७ लागतात. इथे व्याज जास्त मिळत असेल तर ते या फरकातून वजा करून बघा. बाहेर किती नेता येतं आणि त्यावर कर काय, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

व्हिसावाली
किराणा आणि भाड्यापलीकडे एक गोष्ट राहिली. निवृत्तांच्या परवान्यासाठी किमान उत्पन्न बहुधा तिथल्या चलनात मोजतात. स्पेनच्या बिगर-नोकरी परवान्यात ते आयपीआरईएम या सरकारी निर्देशांकाच्या ४००% असतं, जोडीदारासाठी आणखी १००%, आणि नूतनीकरणाला पुन्हा दाखवावं लागतं. पोटापुरतं भागत असेल, पण कागदावर उत्पन्न कमी पडलं तर मुक्काम हलतो. तुमची पेन्शन ०.७ ने गुणून त्या मर्यादेशी ताडून बघा. कुठे शिल्लक ठेव दाखवली तरी चालते, कुठे नाही.

सायंप्रवासी
हे डोक्यातच नव्हतं. आज रात्री बसून १०० चे ७० करून मर्यादेशी ताडतो. खर्चाचीही दोन खाती करतो: भाडं, औषधं, आरोग्यविमा हे न हलणारं, फिरणं, बाहेर जेवणं, वर्षातून एकदा घरी येणं हे आवळता येणारं. यात ४.६ कुठून निघतात ते बघतो. घरी येणं कापायला बायको तयार नाही, आणि तिचं मला पटतंय.

एक प्रश्न उरतोच: ठेव अर्धी संपली की परत यायचं, की पूर्ण संपेपर्यंत थांबायचं? परत येण्याच्या खर्चासाठी वेगळे किती बाजूला ठेवले, हे बाहेर राहून आलेल्या कुणी सांगेल का?