‘ऑडिटला गप्पा कशाला, रजिस्टर बघा की’: चर्चा

उद्यमबाग_क्यूए: इंटर्नल ऑडिटला बसलं की अर्धा दिवस गप्पांत जातो. ‘तुमची प्रोसेस सांगा’ म्हणे. माणूस त्याच्या सोयीचं तेवढंच सांगणार, पुरावा म्हणून त्याला काडीची किंमत नाही. हो-नाहीची चेकलिस्ट द्या, रजिस्टर उघडा, टिक करा, मोकळे व्हा. कुणाचं वेगळं मत असेल तर पुराव्यानिशी सांगा.

चिकोडी_रोड: पुराव्यानिशी म्हणालात म्हणून मागच्या हंगामातलंच सांगतो. कारखान्याचं नाव विचारू नका, सीमाभागातलाच आहे. विषय उसाच्या वजनाचा. नियम साधा आहे: भरली गाडी काट्यावर, मग गव्हाणीवर रिकामी, पुन्हा काट्यावर, मग पावती. तुमच्या चेकलिस्टवर प्रश्न असणार, ‘प्रत्येक खेपेला रिकामं वजन घेता का?’ उत्तर ‘हो’. रजिस्टरात प्रत्येक ओळीत रिकाम्या वजनाचा आकडा आहे, काट्यावर वजनमाप खात्याचा चालू शिक्का आहे. तुमच्या पद्धतीने हे ऑडिट दहा मिनिटांत पास.

मी यार्ड सुपरवायझरना केबिनमधून उठवून काट्याजवळ नेलं आणि म्हटलं, काल रात्रीची कुठलीही एक गाडी धरा आणि ती गेटातून आत आल्यापासून पावती हातात पडेपर्यंत काय काय झालं ते सांगा. त्यांनी नियमातलंच सांगितलं, पाठ केल्यासारखं. मी मध्ये तोंड घातलं नाही. मग विचारलं, रात्री दोनला गव्हाण बंद पडली तर यार्डात काय होतं? इथे ते अडखळले. ‘लाईन गेटाबाहेर रस्त्यापर्यंत जाते ओ. मग काय, पोरगं बघून घेतं.’

हे पोरगं म्हणजे रात्रपाळीचा काटा क्लार्क. त्याला पाळी बदलताना एकट्याला गाठलं आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. तो सहज बोलून गेला, ‘गर्दी असली की नेहमीच्या गाड्यांचं रिकामं वजन मास्टरमधूनच घेतो सर. गाडी नंबर टाकला की येतंय की.’ लपवाछपवी काही नाही. त्याच्या दृष्टीने ते कामच होतं. जे बोलला ते त्याच्यासमोर लिहिलं आणि वाचून दाखवलं.

आता तुमचं आवडतं रजिस्टर. कुठल्या रात्री बघायच्या ते सुपरवायझरना निवडू दिलं नाही. मिल हाऊसच्या लॉगबुकात गाळप ज्या रात्री थांबलं होतं, त्याच रात्री घेतल्या. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. दिवसपाळीत त्याचं रिकामं वजन 7,390 ते 7,460 किलोच्या मध्ये हलत होतं. त्या रात्रींच्या ओळीने नऊ खेपांत मात्र 7,540, एक किलो इकडे नाही की तिकडे नाही. शिवाय भरल्या आणि रिकाम्या वजनाच्या वेळेत तीन-चार मिनिटांचं अंतर. गव्हाणीवर नंबर लागून, ट्रॉल्या खाली होऊन परत काट्यावर यायला अर्धा तास तरी हवा. दोन्ही वेळा एकाच कॉम्प्युटरच्या, म्हणजे घड्याळं मागंपुढं असण्याची सबबही नाही.

शेवटी न सांगता तोच ट्रॅक्टर रिकामा झाल्यावर काट्यावर चढवला. 7,420. मास्टरमधलं वजन हंगामाच्या तोंडाला, ट्रॉल्यांना चिखल असताना घेतलेलं निघालं. फरक 120 किलोचा. टनाला 3,300 धरा, खेपेला चारशेच्या आसपास रुपये शेतकऱ्याचे गेले.

गप्पांची किंमत काडीची, तर हे रजिस्टर आधी टिक करणाऱ्यांची किती?

उद्यमबाग_क्यूए: गोष्ट रंगवून सांगता, मान्य. पण आकडे कॉम्प्युटरमध्ये आधीपासून होतेच ना? एक्सेलमध्ये तेच तेच आकडे शोधले असते तर कुणाशी न बोलता सापडलं असतं. आणि मोठे काटे दहा-दहा किलोनेच सरकतात, त्यामुळे वजन सारखं येणं यात नवल नाही. आमच्या फाउंड्रीत पोअरिंग टेंपरेचरच्या रजिस्टरला अख्खी पाळी 1,390 लिहिलेलं होतं, एकाच पेनाने, एकाच बैठकीत. त्यासाठी मला कुणाची मुलाखत घ्यावी लागली नाही.

चिकोडी_रोड: दहा किलोच्या पायरीवर दोनदा, तीनदा सारखं येईल. डिझेल, दोरखंड, चिखल, ड्रायव्हर बसलाय की उतरलाय, एवढं बदलत असताना ओळीने नऊदा नाही येणार. आणि चार मिनिटांचं काय करणार?

एक्सेलचं म्हणाल तर तिथे बैलगाड्यांचं रिकामं वजन लेखी नियमानेच ठरीव होतं. तुमच्या शोधात आधी त्याच हजारो ओळी आल्या असत्या आणि तुम्ही ‘हे नियमात बसतं’ म्हणून फाईल मिटली असती. कुठल्या ओळी खऱ्या आजारी आहेत ते क्लार्कच्या एका वाक्याने कळलं. 1,390 बद्दल मात्र शाबास. आता एवढंच सांगा, पायरोमीटर बिघडला होता, की फर्नेसवाल्याला लिहायला सवडच नव्हती? हे पेनाच्या शाईवरून कळलं का?

उद्यमबाग_क्यूए: नाही कळलं. नॉन-कन्फॉर्मिटी टाकली आणि पुढे गेलो. कारण शोधणं त्यांचं काम.

निपाणीचा_ऊस: तुमचं ऑडिट-बिडिट राहू दे बाजूला. चारशे रुपये खेपेला! हे आम्ही वर्षानुवर्षं बोंबलतोय तेव्हा ‘शेतकऱ्याचा गैरसमज’. आता साहेबाने कॉम्प्युटरात बघितलं तर खरं. काटामारी म्हणा की सरळ, मास्टर-बिस्टर काय लावलंय! दराला गुर्लापूरला रस्त्यावर बसायचं आणि मिळालेला दर काट्यावर घालवायचा. मी स्वतः बाहेरच्या काट्यावर वजन करून गाडी नेली, कारखान्यात तीन क्विंटल कमी भरलं. विचारलं तर म्हणे बाहेरचं वजन आम्ही धरत नाही.

चिकोडी_रोड: काका, राग समजतो. पण बाहेरच्या काट्यावर तुम्ही भरली गाडी केली आणि रिकामी?

निपाणीचा_ऊस: रिकामी कशाला करू? ट्रॉलीचं वजन मला माहीत आहे की.

चिकोडी_रोड: मग काट्याचा क्लार्कसुद्धा हेच म्हणत होता.

निपाणीचा_ऊस: वा रे वा! शेतकऱ्यालाच चोराच्या रांगेत बसवा. पगार कारखान्याचा खाल्ला की अशीच जीभ वळते. पंधरा मिनिटं पायपीट करून परत रिकामी गाडी बाहेरच्या काट्यावर न्यायची, ट्रॅक्टरवाला थांबतोय काय? दुसऱ्या खेपेचा नंबर जातो त्याचा.

चिकोडी_रोड: चोर कुणालाच म्हटलं नाही. तुमचे तीन क्विंटल खरे असतील. पण दोन्ही वजनं एकाच काट्यावरची नसतील तर फरक भरल्या वजनात आहे, रिकाम्यात आहे, की दोन काट्यांमध्येच आहे, हे कुणालाही सांगता येणार नाही. भरल्यात असेल तर काटा तपासणीची वजनं ठेवून बघायचा, ते वेगळं काम. रिकाम्यात असेल तर तुमच्याच पावत्या काढा. गाडी नंबर तोच, रिकामं वजन दर खेपेला तेच, असं दिसलं तर पावतीवरच्या दोन्ही वेळा बघा. तेवढ्यावर विचारायला जा, ‘गैरसमज’ म्हणता येणार नाही त्यांना.

निपाणीचा_ऊस: पावतीवर एकच वेळ छापलीय. दुसरी कुठाय?

चिकोडी_रोड: मग पहिला प्रश्न तोच विचारायचा.

राणी_चन्नम्मा_सर्कल: हॅलो सर, माझी पुढच्या आठवड्यात क्वालिटी इंजिनियरची मुलाखत आहे. ओपन प्रश्न विचारले तर उत्तर किती लांब द्यायचं? ऑटोनगरची कंपनी आहे.

उद्यमबाग_क्यूए: ताई, धागा चुकला. पण जिथे अडखळाल तिथेच तुम्हाला खोदतील, एवढं वरच्या गोष्टीवरून घ्या.

गोकाक_फॉल्स: चिकोडीवाले सर भाग्यवान, त्यांचा क्लार्क मराठी बोलला. आमच्याकडे गोकाक, मुडलगीच्या बाजूला काट्यावरचा माणूस कन्नड बोलतो आणि पुण्याहून आलेल्या ऑडिटरला शेजारी बसून अर्थ सांगतो तो त्याचाच साहेब. क्लार्क दोन मिनिटं बोलतो, साहेब म्हणतात, ‘तो म्हणतोय सगळं नियमाप्रमाणे आहे.’ मी तिथे स्टोअरकीपर. मला दोन्ही भाषा येतात, पण मला कोण विचारतंय?

चिकोडी_रोड: हा मुद्दा लाखाचा. ज्याच्या कामाची तपासणी, त्यालाच दुभाषा करायचा नाही. दुसऱ्या खात्यातला माणूस घ्यावा. तोही नसेल तर क्लार्कला म्हणावं, बोलू नका, आता येणाऱ्या गाडीचं करून दाखवा. स्क्रीनवर कुठलं बटण दाबतो ते बघायला भाषा लागत नाही.

गोकाक_फॉल्स: ऑडिटर शेजारी बसल्यावर तो मास्टरचं बटण दाबेल होय? सगळे नियमाने वागतात तेव्हा.

चिकोडी_रोड: खरं आहे. बघून एवढंच कळतं की ते बटण स्क्रीनवर आहे. कधी दाबलं ते मागच्या नोंदीच सांगणार, त्याही सॉफ्टवेअर ठेवत असेल तर. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये वजन काट्यावरून आलं की मास्टरमधून, याची खूणच नव्हती, म्हणून तर वेळेच्या अंतरावर जावं लागलं.

उद्यमबाग_क्यूए: बरं, आता मी एक ओपन प्रश्न विचारतो, तुम्हाला आवडतात ना. त्या क्लार्कचं पुढे काय झालं? त्याने विश्वासाने सांगितलं, तुम्ही वाचून दाखवलं, अहवालात ‘रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याच्या म्हणण्यानुसार’ असं लिहिलंत. रात्रपाळीला काट्यावर माणसं किती असतात?

चिकोडी_रोड: अहवालात त्याचं वाक्य नाही. निष्कर्ष नऊ खेपा, वेळा आणि परत केलेल्या वजनावर उभा आहे. त्याचं बोलणं माझ्या कामाच्या कागदांत आहे, ते व्यवस्थापनाला जात नाहीत.

उद्यमबाग_क्यूए: नेमक्या त्याच रात्री का निवडल्या हे सुपरवायझरना कळत नसेल? शेंबडं पोरगंही ओळखेल कोण बोललं ते.

चिकोडी_रोड: निवड लॉगबुकातल्या बंद पडलेल्या रात्रींवरून केली, आणि गव्हाण बंद पडण्याचा विषय सुपरवायझरशी झाला होता. माणसाचा संबंध येत नाही.

उद्यमबाग_क्यूए: कागदावर येत नाही. यार्डात येतो.

गोकाक_फॉल्स: येतो ओ. आमच्याकडे असं बोललेला एक जण पुढच्या महिन्यात बगॅस यार्डला दिसला. कारण काय तर ‘रोटेशन’.

निपाणीचा_ऊस: त्या पोराला काही केलं तर सांगा, आम्ही येतो गेटावर. आणि दोन वेळांची पावती कुठे मागायची ते लिहा आधी, केन ऑफिसला की वजनमाप खात्याला?

चिकोडी_रोड: आधी केन ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या. गाडी नंबर आणि तारखा घाला, ‘काटामारी’ हा शब्द घालू नका.

निपाणीचा_ऊस: शब्द मी माझा घालणार.