शब्दचर्चा: ‘अर्धसंपृक्तता स्थिरांक’ यातलं अर्ध नेमकं कशाचं?

माहुली, सातारा
बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांची मी शिकवणी घेते आणि त्यांच्यासाठी जीवरसायनाच्या मराठीत टिपा काढतेय. विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, गतीच्या प्रकरणात अडले आहे. गतीच्या सूत्रातल्या केएम या संहतीला मी ‘अर्धसंपृक्तता स्थिरांक’ लिहिलं, तर काल एका मुलाने विचारलं, “मॅडम, केएम 20 मिलिमोलर असेल तर 40 ला विकर पूर्ण संपृक्त होणार ना?” शब्द वाचून त्याला तसंच वाटलं, आणि त्यात त्याची चूक आहे असं मला म्हणवत नाही. हाच शब्द ठेवावा की दुसरा घ्यावा? दुसरं म्हणजे, व्हीमॅक्सला कमाल वेग म्हणायचं की महत्तम वेग?

विश्रामबाग
महत्तम म्हणा, ताई. पारिभाषिक शब्द संस्कृत असला की त्याची पुढची रूपं सहज तयार होतात. अर्धसंपृक्तता हा शब्द तर मला चोख वाटतो. विकराचे निम्मे रेणू सबस्ट्रेटने, म्हणजे विकर ज्या पदार्थावर काम करतं त्याने, व्यापले की अर्धी संपृक्तता झाली. सबस्ट्रेट दुप्पट केलं की उरलेले निम्मेही व्यापले जाणार. मुलाचं गणित बरोबर आहे.

मिरज
निम्मे रेणू व्यापलेले असतात इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, सर, पण त्यापुढचं जमत नाही. सूत्र असं:

v = Vmax × [S] / (Km + [S])

यात केएम 20 आणि सबस्ट्रेट 40 घालून पाहा. 40 भागिले 60, म्हणजे दोन तृतीयांश. विकर 67 टक्के व्यापलेलं आहे, पूर्ण नाही. 90 टक्क्यांना पोचायला केएमच्या नऊपट सबस्ट्रेट लागतं, म्हणजे 180 मिलिमोलर, आणि 99 टक्क्यांना नव्व्याण्णवपट. जसजसे रेणू व्यापले जातात तसतसे मोकळे रेणू कमी उरतात, त्यामुळे वाढवलेल्या सबस्ट्रेटचा उपयोग घटत जातो.

म्हणून त्या शब्दातलं अर्ध वेगाचं आहे, संहतीचं नाही. केएम ही स्वतः पूर्ण संहती आहे, मिलिमोलरमध्ये मोजली जाणारी, आणि त्या संहतीला वेग निम्मा असतो. माहुलीताई, मुलांना पहिल्याच दिवशी एकक विचारा. केएमचं एकक मिलिमोलर आणि व्हीमॅक्सचं नॅनोमोल प्रति मिनिट, हे ज्याने लिहिलं तो ‘केएम म्हणजे व्हीमॅक्सच्या निम्मं’ असं कधी लिहिणार नाही. उत्तरपत्रिकांत हे वाक्य मी वर्षानुवर्षं वाचलं आहे.

कमाल की महत्तम, यात माझी अडचण वेगळी आहे. आपण ‘आजचं कमाल तापमान’ म्हणतो तेव्हा तेवढं तापमान खरोखर झालेलं असतं. व्हीमॅक्स कोणत्याच परीक्षानळीत मोजला जात नाही, वेग फक्त त्याच्याजवळ सरकत जातो. आंतरराष्ट्रीय नामकरण समितीनेही 1981 च्या शिफारशींत कमाल ऐवजी सीमा या अर्थाचा शब्द सुचवला होता, पण जुनं नाव रुळलं ते रुळलंच. मी वर्गात ‘सीमावेग’ म्हणत असे.

वाळवा
मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. वेगाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तोडलेला ऊस दोन दिवस पडून राहिला की पोल, म्हणजे रसातली मोजलेली साखर, घसरतं, इन्व्हर्जन होतं, म्हणजे साखर फुटते, हे आम्ही रोज बघतो. ते इन्व्हर्टेज या विकरामुळे होतं असं शिकलोय. मग मिक्स्ड ज्यूसमध्ये पाणी जास्त गेलं तर साखरेची संहती कमी होऊन इन्व्हर्जनही कमी व्हायला हवं का? शब्दाबद्दल म्हणाल तर सीमावेग मला पटला. काट्यावर ट्रॅक्टरांची रांग कितीही लागली तरी तासाला काट्याला जेवढी वजनं उरकतात तेवढीच होतात.

मिरज
प्रश्न शब्दाचा नसला तरी विकर नेमकं तेच निघालं. मायकेलिस आणि मेंटेन यांनी 1913 साली बर्लिनमध्ये केलेलं काम इन्व्हर्टेजवरच होतं, आणि मोजायला तुमच्या टेबलावर असतं तेच होतं, पोलरीमीटर. साखर फुटत जाते तसा प्रकाशाचा कोन बदलतो, त्यावरून त्यांनी वेग काढला. सुक्रोजसाठी केएम आला 16.7 मिलिमोलर.

आता तुमचा रस घ्या. लिटरला 150 ग्रॅम साखर धरली तर ती साधारण 440 मिलिमोलर होते, म्हणजे त्या केएमच्या 26 पट. तिथे वेग सीमेच्या 96 टक्के असतो. रसात तेवढंच पाणी घालून साखर निम्म्यावर आणलीत तरी 93 टक्के राहतो. म्हणजे रस पातळ केला म्हणून विकराचा एकेक रेणू आळशी होत नाही. दर लिटरला विकर निम्मं होतं, पण लिटर दुप्पट होतात, त्यामुळे एकूण साखर जवळपास तेवढीच फुटते. फरक पडतो तो वेळेने, तापमानाने आणि पीएचने.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. 16.7 हा आकडा यीस्टच्या इन्व्हर्टेजचा आहे. उसाचं विकर वेगळं आहे, आणि पडून राहिलेल्या उसात जिवाणूही आपलं काम करत असतात. त्यामुळे हा हिशेब दिशा दाखवण्यापुरता घ्या.

कराड
नमस्कार सर. आम्ही हेच प्रॅक्टिकल केलं, यीस्टचं इन्व्हर्टेज, अॅसिटेट बफर, रंग आणणारं डीएनएस घालून उकळायचं आणि कलरीमीटरवर 540 ला वाचायचं. माझी आणि मैत्रिणीची विकराची बाटली एकच, तरी तिचा केएम 20 आला आणि माझा 28. सीमावेग तिचा 400, माझा 470. मॅडम म्हणाल्या की आलेख नीट काढ. मी सरळ रेषा संगणकावर काढली आहे. सुक्रोज 5, 10, 20, 40, 80 मिलिमोलर घेतलं होतं. वेग नॅनोमोल प्रति मिनिटमध्ये, तिचा 80, 133, 200, 267, 320. माझे शेवटचे चारही जवळपास हेच आहेत, फक्त पहिल्या नळीला 70 आला.

मिरज
तुझं सगळं उत्तर त्या पहिल्या नळीत आहे. दुहेरी व्यस्त आलेखात, म्हणजे लाइनविव्हर आणि बर्क यांनी 1934 मध्ये सुचवलेल्या आलेखात, आपण दोन्ही अक्षांवर गुणाकार व्यस्त मांडतो. त्यामुळे आलेखाची दिशा उलटते. सगळ्यात कमी सुक्रोजची नळी सगळ्यात उजवीकडे जाऊन बसते, कारण 1 भागिले 5 म्हणजे 0.2. 80 ची नळी 0.0125 वर, जवळजवळ उभ्या अक्षाला चिकटून.

आता दहाच्या चुकीचं काय होतं ते बघ. 80 ऐवजी 70 झाले, तर 1/v 0.0125 वरून 0.0143 वर गेला. फरक 0.0018. हीच दहाची चूक शेवटच्या नळीत झाली असती, 320 ऐवजी 310, तर फरक पडला असता फक्त 0.0001. मोजताना चूक तेवढीच, पण कागदावर पहिल्या नळीची अठरापट मोठी. आणि तो बिंदू एकटाच लांब उजव्या टोकाला असल्याने सगळी रेषा त्याच्या ओढीने फिरते. उभ्या अक्षावरचा छेद 0.0025 वरून 0.0021 वर उतरला, म्हणून सीमावेग 400 चा 470 झाला आणि केएम 20 चा 28. चूक शेवटच्या नळीत असती तर 393 आणि 19.6 आले असते, आणि तू हा प्रश्न विचारलाच नसतास.

म्हणजे ज्या नळीत रंग सगळ्यात फिका, विकर न घातलेल्या ब्लँक नळीचा फरक सगळ्यात जाचक, तीच या आलेखात सर्वात जास्त बोलते.

माहुली, सातारा
सर, मुलांना आणखी एक गोष्ट खटकते. रेषा डावीकडे वाढवली की आडव्या अक्षाला ऋण बाजूला छेदते. संहती ऋण कशी, असं विचारतात.

मिरज
तिथे कोणतीही नळी नसते, ताई. रेषा पुढे ओढल्यावर ती जिथे टेकते त्या आकड्याचं चिन्ह बदलून व्यस्त घेतला की केएम मिळतो. कराडच्या मैत्रिणीच्या आलेखात तो छेद उणे 0.05, म्हणून केएम 20. बिंदू जिथे आहेत त्यापलीकडे रेषा लांबवलेली आहे, हे मुलांना आलेखावर तुटक रेषेनेच दाखवायला लावा, म्हणजे ऋण संहतीचा घोळ होत नाही.

विश्रामबाग
व्यस्त शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. मुलं व्यस्त म्हणजे कामात गुंतलेला समजतात. व्युत्क्रम म्हणावं.

माहुली, सातारा
शाळेच्या गणितात गुणाकार व्यस्तच शिकवतात, सर. सातवी-आठवीपासून कानावर असलेला शब्द मी काढणार नाही.

कराड
मग मी काय करू? पहिली नळी काढून टाकू का?

मिरज
नावडता बिंदू म्हणून काढू नकोस. आधी तो कमी का आला ते शोध. माझे दोन संशय आहेत. पहिला ब्लँकचा. दुसरा असा की नळी जास्त वेळ ठेवल्याने त्यातलं सुक्रोज कमी होत गेलं आणि वेग मध्येच उतरला. तू किती मिनिटं ठेवलीस?

कराड
वीस मिनिटं. 1 मिलिलिटरमध्ये. मैत्रिणीने पाच.

मिरज
मग दुसरा संशय बळावतो. तुझ्या नळीत एकूण सुक्रोज 5000 नॅनोमोल. मिनिटाला 70 च्या हिशेबाने वीस मिनिटांत 1400 संपलं, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. उरलेल्या सुक्रोजवर सुरुवातीचा वेग टिकणार कसा? सूत्रातला वेग आरंभीचा असतो, आणि तुझा आकडा वीस मिनिटांची सरासरी आहे. त्याच हिशेबाने 10 ची नळीही थोडी खाली यायला हवी होती, 133 ऐवजी 122 च्या आसपास. ती आली नाही असं तू म्हणतेस, म्हणून ब्लँकवरचा संशय मी सोडलेला नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. 5 मिलिमोलरच्या दोन नळ्या लाव, एक 5 मिनिटांना थांबव, दुसरी 10 ला. दुसरीतलं उत्पादन पहिलीच्या दुप्पट भरलं तर वेळेची चूक नाही, ब्लँक तपास. दुप्पट नसेल तर वेळ कमी कर.

आणि तेच आकडे आडव्या अक्षावर [S] आणि उभ्यावर [S]/v असे मांडून बघ. मी तुझे आकडे घालून पाहिले, 70 धरूनच. केएम 22 आला, सीमावेग 410. डेटा तोच आहे, फक्त मांडणी बदलली. संगणक हाताशी असेल तर मूळ वक्रावरच सूत्र बसव, व्यस्त घ्यायची गरजच राहत नाही.

वाळवा
मग परीक्षेत अजून दुहेरी व्यस्तच का विचारतात?

मिरज
विकराचं काम अडवणाऱ्या अवरोधकाचा प्रकार त्यात डोळ्यांना लगेच दिसतो म्हणून. स्पर्धक अवरोधक असेल तर रेषा उभ्या अक्षावर एकत्र येतात, सीमावेग तोच राहतो आणि केएम वाढलेला दिसतो. त्यासाठी तो आलेख उत्तम आहे. केएमचा आकडा काढायला मात्र मी तो वापरणार नाही.

माहुली, सातारा
मी टिपांत ‘अर्धवेग संहती’ लिहितेय, कंसात केएम. व्हीमॅक्सला सीमावेग. पेपरात मात्र कमाल वेग असंच छापून येतं, म्हणून तेही शेजारी देते.

विश्रामबाग
‘अर्धवेग संहती’त स्थिरांक गळाला. तो बदलत नाही हे शब्दातून कळायला नको का?

मिरज
पीएच आणि तापमान बदललं की तोही बदलतो, सर. पण शब्द गळू नये हे मला मान्य आहे.

कराड
सर, 5 आणि 10 मिनिटांच्या नळ्या लावल्या. 5 ला 395, 10 ला 770 नॅनोमोल. हे दुप्पट धरायचं का?

मिरज
5 मिनिटांचा वेग 79 आला, 10 चा 77. पाच मिनिटांत सुक्रोज आठ टक्केच संपलंय, तेवढं चालतं. बाकीच्या चार नळ्याही पाच मिनिटांच्याच लाव आणि प्रत्येक संहतीसाठी वेगळा ब्लँक ठेव.