४के पण पाहिजे, १४४ पण पाहिजे: एका केबलमधून दोन्ही का येत नाही?

खासबाग_फ्रेम
सरळ सांगतो, ही फसवणूक आहे. व्हिडिओ एडिटिंगसाठी राजारामपुरीतनं सत्तावीस इंची मॉनिटर आणला. खोक्यावर ठळक छापलंय: ४के, १४४ हर्ट्झ, टाइप-सी. घरी लावला तर ४के ला ६० च्या वर जात नाही. २५६०×१४४० केलं की १२० मिळतंय, आणि १४४ पाहिजे तर १०८० वर या म्हणतोय. लॅपटॉपमध्ये १०६० कार्ड आहे. एसएसडी, कीबोर्ड, माऊस सगळं मॉनिटरच्या मागं लावलंय, लॅपटॉपला फक्त ती एक केबल जाते. दुकानदार म्हणतोय लॅपटॉप जुना. कुणी घेऊ नका असले मॉनिटर.

प्रेसवाली
"कुणी घेऊ नका" वाचून राहवलं नाही. आमच्या छापखान्यात याच पद्धतीने जोडलेले तीन मॉनिटर आहेत आणि तिन्हींची ही भानगड मी स्वतः निस्तरली आहे.

तुम्ही दिलेल्या तीन आकड्यांतच उत्तर आहे. टाइप-सी केबलमध्ये जास्त वेगाच्या तारांच्या चार जोड्या असतात. चारही चित्राला दिल्या तर मॉनिटरच्या मागच्या यूएसबी हबला फक्त जुन्या यूएसबी २ चा वेग उरतो. हबला वेगवान यूएसबी हवं असेल तर दोन जोड्या तिकडे जातात आणि चित्राला दोनच राहतात. मागे एसएसडी लावली आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. वाटणी मॉनिटरच्या मेनूतून ठरते, आणि आमचे तिन्ही मॉनिटर खोक्यातून निघाले तेच दोन-दोनच्या वाटणीवर.

तुमच्या कार्डाचा डिस्प्लेपोर्ट एका जोडीवरून सेकंदाला ८.१ गिगाबिट पाठवतो. त्यातला पाचवा हिस्सा सांकेतिक रचनेत जातो, म्हणून हातात ६.४८ पडतात. दोन जोड्यांचे झाले १२.९६. आता ४के ला ६० हर्ट्झवर साडेबारा लागतात, ते बसतात. १४४० ला १२० वर साडेअकरा लागतात, तेही बसतात. १४४० ला १४४ वर नुसते पिक्सेल मोजले तर १२.७४ होतात आणि बसतील असं वाटतं. पण प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडावी लागते, ती धरली की चौदाच्या आसपास जातं. म्हणून तुमच्या यादीत १४४० ला १२० दिसतं आणि १४४ दिसत नाही. मॉनिटर खराब असता तर आकडे इतके नेमके आलेच नसते.

मॉनिटरच्या बटणाने मेनू उघडा. `USB-C Prioritization` किंवा तशा नावाचा पर्याय शोधा. तो `High Data Speed` वर असेल, `High Resolution` करा. मग विंडोजमध्ये `Settings > System > Display > Advanced display` मध्ये काय दिसतंय ते इथे लिहा.

शाहूपुरी_कॉर्नर
ताई, एवढा हिशेब कशाला? पंधरा वर्षं दुकान चालवतोय, दहातल्या आठ जणांची तक्रार केबल बदलली की मिटते. फोनच्या चार्जरची केबल लावली असेल यानं. चांगली जाड केबल घ्या, विषय संपला.
आणि खासबागवाले, राजारामपुरीचं नाव घेऊन "फसवणूक" लिहिताना जरा विचार करा. खोक्यावर काय छापायचं ते दुकानदार ठरवत नाही. ऑनलाइन घेतला असता तर कुणाच्या दारात जाऊन भांडला असता?

प्रेसवाली
फोनच्या साध्या चार्जिंग केबलमध्ये त्या वेगाच्या जोड्याच नसतात. ती लावली असती तर ६० सोडा, चित्रच आलं नसतं. केबल कमजोर असली तर कार्ड आणि मॉनिटर आपसात वेग एक पायरी खाली ठरवतात, एवढं तुमचं बरोबर. पण खालच्या पायरीवर दोन जोड्यांचे ८.६४ च होतात. मग ४के ३० वर आलं असतं आणि १४४० ला १२० दिसलंच नसतं. यांना दोन्ही मिळतंय, म्हणजे वेग वरच्याच पायरीवर आहे.

पन्हाळा_काका
मुलाने पुण्याहून असाच मॉनिटर पाठवला. ४के वर अक्षरे मुंगीएवढी दिसतात, म्हणून मी रिझोल्यूशन कमी करून ठेवले आहे. माझे १४४ सुद्धा असेच अडकले असेल काय?

प्रेसवाली
काका, तुमचं वेगळं आहे. रिझोल्यूशन पुन्हा ४के करा आणि त्याच पानावर `Scale` १५० टक्के करा. अक्षरं मोठीही होतील आणि स्वच्छही दिसतील.

हुपरीकर_कॅड
मला मूळ प्रश्नच कळंना. एडिटिंगवाल्याला १४४ कशाला पाहिजे? मी चांदीच्या दागिन्यांची डिझाइनं करतो, दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर. ४के आणि ६०, काही अडत नाही. १४४ हे गेम खेळणाऱ्या पोरांचं खूळ. डोळ्याला ६० च्या पुढचं दिसतच नाही.

खासबाग_फ्रेम
दिसत नाही कसं? या माझ्याकडं, दाखवतो. मी कुस्त्या शूट करतो, ५० फ्रेमवर. मैदानात दिवे लावलेले असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, ६० फ्रेमवर शूट केलं की दिवे लुकलुकतात, म्हणून ५० च धरावं लागतं. आता ते ६० च्या स्क्रीनवर बघा. पैलवान पट काढायला खाली घुसला की कॅमेरा त्याच्यामागं फिरतो आणि चित्र ठेचकाळत जातं. गेल्या महिन्यात एक अख्खी कुस्ती मी "कॅमेरा हलला" म्हणून टाकून दिली. मग टीव्हीवर लावून बघितली तर लोण्यासारखी चालली. ज्या पोराची ती कुस्ती होती त्याच्या वडलांना मी नाही म्हणून सांगितलं होतं. मला खूळ म्हणू नका.

हुपरीकर_कॅड
बरं, खूळ म्हटलं ते मागं घेतो. पण भावा, मग तुझा प्रश्न १४४ चा नाहीच. ६० मध्ये ५० बसत नाहीत, दर पाच फ्रेममागं एक दोनदा दिसते, म्हणून ठेच लागते. १४४ मध्ये तरी ५० कुठं पूर्ण बसतात? काही फ्रेम तीनदा दिसणार, काही दोनदा. ठेच बारीक होईल, जाणार नाही. तुला ५० पाहिजे, नाहीतर १००.

प्रेसवाली
हुपरीकरांचं हे शंभर टक्के बरोबर आहे आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डोळ्याबद्दल मात्र ते साफ चुकलेत. ६० वर माऊस गोल फिरवला की बाण तुटक दिसतो, १२० वर दाट दिसतो. हा फरक आमच्या छापखान्यातल्या साठीच्या कंपोझिटरलाही कळला.

हुपरीकर_कॅड
माऊस फिरवायला कोण पैसे देतं? मला नाही दिसत फरक, आणि दिसला तरी दागिना चांगला होत नाही त्यानं.

शाहूपुरी_कॉर्नर
हेच मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. काय काम करता ते आधी सांगा, मग मॉनिटर दाखवतो. पण लोक मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात आणि १४४ च पाहिजे म्हणून बसतात. वर आम्हीच चोर.

खासबाग_फ्रेम
तुम्हाला चोर म्हटलेलं नाही. पण तुम्ही विकता ना? मग "लॅपटॉप जुना" एवढं बोलून गिऱ्हाइकाला घालवू नका, मेनूतला तो पर्याय दाखवा. त्याला दोन मिनिटं लागतात.

आता काय झालं ते सांगतो. मेनूत `High Resolution` केलं. स्क्रीन काळी होऊन परत आली, आणि ४के ला यादीत १०० आणि १२० दोन्ही दिसायला लागले. १०० वर तीच टाकून दिलेली कुस्ती लावली. ठेच नाही. पण १४४ अजून नाही, आणि एसएसडी मेली. आधी सेकंदाला चारशे एमबी कॉपी व्हायचं, आता चाळीसच्या खाली.

प्रेसवाली
एसएसडी ठीक आहे, ती आता यूएसबी २ वर चालते. तिला लॅपटॉपच्याच दुसऱ्या पोर्टात लावा. कीबोर्ड-माऊसला तेवढा वेग पुरतो, ते मागेच राहू देत.

१४४ चं म्हणाल तर चारही जोड्या मिळून २५.९२ होतात. एका पिक्सेलला २४ बिट धरून नुसता गुणाकार करा:

```
3840 × 2160 × 144 × 24 = 28,665,446,400
```

मोकळी जागा न धरताच साडेअठ्ठावीस गिगाबिटच्या वर गेलं. १२० मात्र २५.८ मध्ये जेमतेम शिरतं, आणि तेही ८ बिट रंगावर. १० बिट केलात तर १२० बसणार नाही. १४४ साठी डीएससी लागतं, म्हणजे चित्र दाबून पाठवायचं आणि मॉनिटरने उलगडायचं. तुमच्या १०६० च्या पिढीत ते नाही, २००० च्या मालिकेपासून पुढे आहे. ते असतं आणि मॉनिटरलाही येत असतं, तर दोन जोड्यांवरसुद्धा १४४ चाललं असतं आणि एसएसडीही मागे राहिली असती. म्हणजे दुकानदार "लॅपटॉप जुना" म्हणाला ते १४४ पुरतं खरं होतं.

शाहूपुरी_कॉर्नर
लिहून ठेवा कुणीतरी.

खासबाग_फ्रेम
मानलं, तेवढ्यापुरतं. पण लॅपटॉपला एचडीएमआय पण आहे. त्यातनं नाही का येणार १४४?

प्रेसवाली
तुमच्या कार्डाचं एचडीएमआय २.० आहे. त्यात हाती १४.४ पडतात, म्हणजे ४के ला पुन्हा ६० च. चार जोड्यांची टाइप-सी हाच तुमच्याकडचा सगळ्यात रुंद रस्ता.

खासबाग_फ्रेम
अजून एक. १०० वर तास-दीड तासानं स्क्रीन दोन सेकंद काळी होते आणि परत येते. आधी ६० वर असं कधीच झालं नाही. केबल दोन मीटरची आहे, मी वेगळी घेतलेली. मॉनिटरसोबत आलेली आखूड पडते म्हणून खोक्यातच आहे.

शाहूपुरी_कॉर्नर
आता? मी पहिल्यांदा काय बोललो होतो?

प्रेसवाली
या वेळी मलाही केबलवरच संशय आहे, हे मान्य करते. आधी त्या दुसऱ्या दोन जोड्यांवर यूएसबी चालत होतं, बहुधा ५ गिगाबिटवर. आता त्यांच्यावर ८.१ चं चित्र चाललंय. एखादी जोडी पाचला टिकते आणि आठला कच खाते. पण तुमचं आधीचं ६० आणि १२० केबलमुळे अडकलं नव्हतं, यावर मी ठाम आहे. सोबतची आखूड केबल लावून दोन दिवस बघा. त्यावरही काळी झाली तर केबल सोडून पोर्ट तपासावा लागेल.

हुपरीकर_कॅड
आणि नाहीच थांबलं तर मेनू परत आधीसारखा कर आणि ४के ला ५० लाव. दोन जोड्यांत आरामात बसतंय, एसएसडी परत मागं लावता येईल, आणि कुस्तीला ठेच लागणार नाही. तुझं काम तेवढ्यात होतंय.

खासबाग_फ्रेम
५० वर माऊस बघवत नाही हो, आत्ताच लावून बघितलं. पण कुस्ती चालली, खरंच चालली. एडिट करताना १०० ठेवतो, आखूड केबल लावून टेबल पुढं ओढतो. त्या पोराच्या वडलांना आज फोन केला, फायनल कॉपी रविवारी देतो म्हणून.

पन्हाळा_काका
१५० टक्के केले. पंचांग वाचता येऊ लागले. ताई, हे १४४ मला लागेल काय?