हरवलेल्या चेकचं स्टॉप पेमेंट केलंय, पण बँक लेखी काही देत नाही – मदत हवी आहे

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. घराचं काम काढलंय. ग्रील आणि गेटसाठी उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरना ६८,५०० रुपयांचा चेक दिला होता. फर्मचं नाव, रक्कम, सही, डाव्या कोपऱ्यात दोन रेघा मारून ‘अकौंट पेयी’, सगळं लिहिलं होतं. तारीख तेवढी टाकली नव्हती, कारण ते म्हणाले, “गेट बसवल्यावर टाकतो, असू दे.” आठ दिवसांनी त्यांचा फोन आला की चेक सापडत नाही. शर्टाच्या खिशात होता, बसमध्ये पडला की वर्कशॉपमध्ये, त्यांनाही ठाऊक नाही.

त्याच दुपारी माझ्या शाखेत गेलो. कन्नड, हिंदी, इंग्रजीत छापलेला फॉर्म मिळाला, तो इंग्रजीत भरला. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरवर टाईप केलं, फॉर्म ठेवून घेतला आणि “झालं, जावा” म्हणाल्या. पोच मागितली तर “एसएमएस येतोय की, कागद कशाला?”

आज चार दिवस झाले. फॅब्रिकेटर दुसरा चेक मागतायत. गेट तयार होऊन त्यांच्याकडे पडलंय, इकडे घराला कुंपण उघडं आणि आईला रात्री झोप नाही. पण पहिला चेक खरोखर थांबलाय हे दाखवणारा एकही कागद माझ्याकडे नाही. दुसरा चेक देऊ का? आणि बँकेकडून लेखी कसं घ्यायचं?

टिळकवाडीकर

एवढं घाबरू नका. चेक तीन महिन्यांनी आपोआप बाद होतो. पूर्वी सहा महिने होते, २०१२ पासून तीन झाले. त्यात तुमचा अकौंट पेयी आहे, रस्त्यात कुणाला सापडला तरी काउंटरवर रोख मिळत नाही. एसएमएस आलाय ना? मग दुसरा चेक द्या आणि गेट लावून घ्या.

सुनंदा निपाणी

आमचंही असंच झालं होतं. मुलीच्या ॲडमिशनला कोल्हापूरच्या कॉलेजच्या नावानं काढलेला डीडी हरवला. बँकेत गेलो तर म्हणाले, स्टॉप करता येत नाही, स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. पंधरा दिवसांच्या आत दुसरा मिळाला. तुम्हीही स्टॅम्प पेपर घेऊनच जावा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

जुना शाखाधिकारी

सुनंदाताई, डीडीची गोष्ट निराळी. डीडीचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात आणि तो वटवण्याचं वचन बँकेनं स्वतः दिलेलं असतं. म्हणून तो नुसत्या सांगण्यावरून थांबत नाही, नुकसानभरपाईचा बाँड घेऊन बँक दुसरा काढून देते. चेक हा खातेदाराचा हुकूम आहे. वटायच्या आत तो मागे घेण्याचा हक्क खातेदाराचाच, त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही.

टिळकवाडीकर, तीन महिन्यांचं तुमचं बरोबर आहे, पण ते चेकवरच्या तारखेपासून मोजतात. या चेकवर तारीखच नाही. उद्या कुणीही सोयीची तारीख टाकली की तिथून तीन महिने सुरू. त्यामुळे ‘आपोआप बाद’ होण्याची वाट बघून हा चेक मरणार नाही. अकौंट पेयी असल्यानं तिऱ्हाईताची भीती कमी आहे, हे मान्य. पण माझ्या नोकरीत अशा प्रकरणांत चोर क्वचित बघितला. जास्त वेळा काय व्हायचं, हरवलेला चेक महिन्या-दोन महिन्यांनी त्याच माणसाच्या वहीत सापडायचा आणि दुकानातला पोरगा तो इतर चेकांबरोबर भरून टाकायचा. फसवायचं कुणाच्याच मनात नाही, पण पैसे दोनदा गेलेले.

मलप्रभाकाठ, आता माझा एकच प्रश्न. तो एसएमएस उघडा आणि त्यात कोणता चेक नंबर आलाय ते अंकन् अंक वाचून इथं लिहा. स्टॉप नावावर लागत नाही, रकमेवर नाही, नंबरवर लागतो.

मलप्रभाकाठ

सर, एसएमएसमध्ये ०००४६८ आहे. आणि आत्ता चेकबुक काढून बघतोय तर ४६८ नंबरचा कोरा चेक त्यातच आहे!! हात थरथरतोय. फॉर्मवर मी ४५८ लिहिलं होतं. पाच जरा गिरवला गेला होता, तो सहासारखा दिसला असणार. आणि खरं सांगायचं तर ४५८ हाही अंदाजच. काउंटरफॉईल भरायची सवय नाही.

टिळकवाडीकर

बापरे. मी तर दुसरा चेक द्या म्हणून मोकळा झालो होतो.

जुना शाखाधिकारी

घाबरू नका, नंबर आत्ता पक्का करू. तुमचं चेकबुक कुठून कुठपर्यंत आहे? हातात कोणते कोरे आहेत? पासबुकात कोणते वटलेले दिसतात?

मलप्रभाकाठ

बुक २५ चेकचं, ४५१ ते ४७५. हातात ४५९ पासून पुढचे सगळे. पासबुकात ४५१, ४५२, ४५३, ४५४, ४५६, ४५७ वटलेत. ४५७ हा सळीवाल्याला दिलेला, त्यानंतर फॅब्रिकेटरना दिला. ४५५ चं आठवत नाही. बहुतेक नाव चुकलं म्हणून फाडला होता.

जुना शाखाधिकारी

म्हणजे ना हातात, ना वटलेले, असे दोनच राहिले: ४५५ आणि ४५८. क्रमानं बघितलं तर हरवलेला ४५८. पण माणूस चेक नेहमी क्रमानं फाडतोच असं नाही आणि ४५५ फाडल्याची तुम्हाला खात्री नाही. दोन्हीवर स्टॉप लावा. दुसऱ्याचा आकार लागेल. तो प्रत्येक बँकेचा वेगळा, वर जीएसटी. ६८,५०० पुढे तो खर्च सोसण्यासारखा आहे. आज रविवार, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये सोय असेल तर आत्ताच तिथून दोन्ही नंबर थांबवा आणि स्क्रीनचा फोटो ठेवा. नाहीतर सकाळी शाखा उघडताना दारात उभे राहा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर चालतं. सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो, पूर्वीसारखा एक दिवस हातात राहत नाही.

आता लेखी कसं घ्यायचं ते. छापील फॉर्म भराच, पण त्याच्या जोडीला स्वतःचा अर्ज दोन प्रतींत न्या. खाते क्रमांक, सहाही आकडे लिहिलेला चेक नंबर, रक्कम, कुणाच्या नावे, ‘तारीख कोरी’ असा स्पष्ट उल्लेख आणि हरवला हे कारण. नंबर अक्षरांतही लिहा, ‘चार-पाच-आठ’, म्हणजे गिरवलेल्या पाचाचा प्रश्न येणार नाही. पुढे तीन वाक्यं घाला: मी लेखी मागे घेईपर्यंत हा स्टॉप चालू ठेवावा, स्टॉप लावताना चेक वटलेला नव्हता याची खात्री करून तसं कळवावं, या अर्जाला लेखी उत्तर द्यावं.

दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. वेळ सोडू नका. स्टॉप घेतल्यानंतर बँकेनं चेक वटवला तर ती रक्कम तुमच्या खात्यातून वळती करता येत नाही, बँकेला परत जमा करावी लागते. पण आधी वटला असेल तर बँकेचा दोष नाही. भांडण नेमकं या ‘आधी की नंतर’वर होतं आणि तेव्हा शिक्क्याशेजारी पेनानं लिहिलेले ‘११.२०’ हे चार आकडेच कामाला येतात.

गोवावेस

साहेब, अर्ज मराठीत दिला तर चालत नाही का? आमच्याकडं वडील मराठीतच लिहितात आणि दर वेळी परत पाठवतात. मनाला लागतं हो.

जुना शाखाधिकारी

लागणारच. माझे वडीलही मराठीतच लिहायचे. पण हे काम तासांचं आहे. या अर्जापुरतं इंग्रजी किंवा कन्नड वापरा, म्हणजे ‘वाचणारा माणूस रजेवर आहे’ असं ऐकावं लागणार नाही. मराठी अर्जाचा आग्रह ज्या कामात घाई नाही तिथं धरा, आणि जरूर धरा.

टिळकवाडीकर

एक शंका. स्टॉप केलेला चेक त्यांनी भरला आणि परत गेला तर चेक बाऊन्सची, कलम १३८ ची केस नाही ना होणार?

जुना शाखाधिकारी

योग्य शंका. स्टॉप पेमेंट म्हणून परत गेलेल्या चेकलाही १३८ लागू शकतं, हे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. पण देणं बाकी असेल तरच. म्हणून फॅब्रिकेटरकडून फर्मच्या लेटरहेडवर दोन ओळी घ्या: अमुक नंबरचा चेक आमच्याकडून हरवला, सापडला तर न भरता परत करू, ६८,५०० रुपये एनईएफटीनं मिळाले. दुसरा चेक देऊच नका, थेट खात्यात पाठवा. तेही शिक्क्याची प्रत हातात आल्यावर आणि पासबुकात तो चेक वटला नसल्याचं बघूनच. त्यांच्याकडून नोटीस आलीच तर पैसे द्यायला पंधरा दिवस असतात, तेव्हा हीच चिठ्ठी आणि एनईएफटीची नोंद दाखवायची.

मलप्रभाकाठ

मंडळी, सोमवारचा वृत्तांत. रात्री ॲपमधून प्रयत्न केला, ४५८ झाला, ४५५ ला एरर आली. सकाळी शाखेत गेलो. त्याच बाई होत्या. एसएमएस आणि ४६८ चा कोरा चेक शेजारी ठेवून दाखवला, तर त्यांचाही चेहरा पडला. स्वतः उठून मॅनेजरकडे घेऊन गेल्या. ४५५ वर स्टॉप लागला. ४५८ अजून वटलेला नाही असं स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. अर्जाच्या प्रतीवर गोल शिक्का, सही आणि १०.५० ही वेळ मिळाली.

पण ‘चेक वटलेला नव्हता’ असं पत्र द्यायला मॅनेजर तयार नाहीत. म्हणाले, असं पत्र द्यायची पद्धत नाही, पोच दिली ती पुरे.

फॅब्रिकेटरनी चिठ्ठी लगेच दिली. दुपारी एनईएफटी केलं, उद्या गेट बसतंय.

जुना शाखाधिकारी

छान केलंत. वेळेसह पोच मिळाली म्हणजे निम्म्याहून जास्त काम झालं. पत्रासाठी भांडत बसू नका, मार्ग दुसरा आहे. शाखेच्या ईमेलवर पोचेचा फोटो लावून लिहा, “काल रात्री ॲपमधून ४५८ वर आणि आज सकाळी शाखेत ४५५ वर स्टॉप लागला, १०.५० ची पोच मिळाली, तेव्हा ४५८ न वटलेला होता असं मला दाखवलं गेलं. यात चूक असल्यास कळवावं.” उत्तर आलं तर तेच तुमचं पत्र. नाही आलं तर बँकेच्या तक्रार विभागाकडे नोंद करून नंबर घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही मिळालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं. आणि आजचं खात्याचं स्टेटमेंट काढून त्याच फाईलला लावा. आज चेक वटलेला नव्हता हे त्यातूनही दिसतं.

मलप्रभाकाठ

ईमेल आत्ताच केला. एक राहिलंच: ४६८ वर चुकून लागलेला स्टॉप काढायला ते वेगळा अर्ज आणि वेगळा आकार मागतायत. नंबर त्यांनी चुकीचा टाकला, पण पाच मी गिरवला होता. हा आकार मी भरायचा का?

गोवावेस

मी तर नसता भरला. तो एक चेक फाडून टाका आणि विषय सोडा.

जुना शाखाधिकारी

फाडायचा असेल तर नंबर काउंटरफॉईलवर लिहून मग फाडा. आकाराचं मात्र मॅनेजरना लेखीच विचारा. मी असतो तर माफ केला असता, तुमचे मॅनेजर काय करतील सांगता येत नाही.