मदत हवी आहे: ४×४ प्रतिमेच्या डीएफटीत मधली किंमत ० की ४०?

नमस्कार मंडळी, मी बडोद्यात अभियांत्रिकीला आहे. हे गणित परीक्षेत हातानेच सोडवायचं असतं.

प्रतिमेच्या चारही ओळी `1 2 3 4` अशाच आहेत. आधी प्रत्येक ओळीचा एकमितीय डीएफटी काढला: `10, -2+2j, -2, -2-2j`. मग स्तंभांचा. स्तंभात चारही किंमती सारख्या, म्हणून फक्त वरची ओळ चौपट होऊन उरली: `40, -8+8j, -8, -8-8j`. बाकी सगळी शून्यं. आधी स्तंभ, मग ओळी असं करूनही हेच आलं, त्यामुळे आकडेमोड बरोबर असावी.

म्हणजे `F(2,2) = 0`. पण उत्तरसूचीत मधली किंमत २.५ आहे! प्रतिमेला आधी `(-1)^(x+y)` ने गुणून पाहिलं, तर `(2,2)` वर ४० आले. `numpy` मध्ये `fft2` नंतर `fftshift` केल्यावरही तिथे ४०च. ४० भागिले १६ म्हणजे २.५, हीच प्रतिमेची सरासरी, एवढं कळलं.

प्रश्नात सरकवण्याचा किंवा `1/16` चा उल्लेखच नाही. अशा वेळी ‘मधली किंमत’ म्हणजे नेहमी सरकवल्यानंतरचीच धरायची का? आणि `1/16` घ्यायचा की नाही, हे कशावरून ठरवता?