मदत हवी आहे: स्टीलवरच्या सेफगार्ड ड्युटीतून एक्स्पोर्टच्या मालाला वाट आहे का?

नमस्कार मंडळी, बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं फॅब्रिकेशन आहे, हायड्रॉलिक पॉवरपॅकच्या टाक्या करतो, माल पुण्याच्या एका मर्चंट एक्स्पोर्टरच्या नावानं बाहेर जातो. एप्रिल 2025 ला फ्लॅट स्टीलच्या आयातीवर 12 टक्के सेफगार्ड ड्युटी लागली आणि डीलरनं एचआर शीट किलोमागं 4 रुपयांनी वाढवली. अहो पण शीट इथल्याच मिलची! तर म्हणे बाहेरचा माल महागला की मिलवालेपण भाव चढवणारच. एका टाकीला 60 किलो शीट, म्हणजे 240 रुपये गेले, आणि गिऱ्हाईकाचा रेट डॉलरमध्ये ठरलेला.

ड्रॉबॅकचं सीएंना विचारून झालंय, आपण स्वतः ड्युटी भरलीच नाही तर परत काय मिळणार. अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनवर ही ड्युटी माफ असते, पण थेट आयात करायची तर निदान एक कंटेनर, अंदाजे 25 टन, आमची गरज महिन्याला 6 टन.

तर एक्स्पोर्टरनं लायसन्स स्वतःच्या नावावर काढून आम्हाला सपोर्टिंग मॅन्युफॅक्चरर दाखवलं, असं कुणी केलंय का? शीट थेट आमच्या शेडला उतरवता येते का, आणि एक्स्पोर्ट कमी पडला तर ड्युटी, व्याज कोण भरतं?