नखाचा रंग नाही, मुळाकडची वाढ बघा

> "तीन महिने रोज टी ट्री ऑइल लावतेय. बोटांमधली खाज कमी झाली, पण अंगठ्याचं नख पिवळंच आहे. सोडून देऊ का?"

बुरशीने पिवळं झालेलं नख परत स्वच्छ होत नाही, ते पुढे सरकून कापलं जावं लागतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष. शिवाय बुरशी नखाच्या खाली असते आणि तेल जाड नखातून फारसं झिरपत नाही. म्हणून नख कापून, वरून हलकं घासून मगच लावा.

तीन महिन्यांत मुळाशी चार-पाच मिलिमीटर स्वच्छ नख दिसायला हवं. फोटो काढून ताडून बघा. तेवढं दिसत नसेल किंवा पिवळेपणा मुळाकडे सरकत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. नखाचा तुकडा तपासून घ्या, कारण सोरायसिस किंवा जुना मारही नख असंच करतो आणि मग बुरशीचं औषध व्यर्थ जातं.

बोटांमधली खाज थांबली म्हणजे बुरशी गेली असं मात्र धरू नका. या तेलाने खाज आणि सालं आधी कमी होतात, बुरशी मागे राहू शकते. तिथे टर्बिनाफिन क्रीम जास्त भरवशाचं. त्वचेवर तेल पातळ करूनच लावा. जुनी, उघडी राहिलेली बाटली वापरू नका, त्याने ॲलर्जी होऊ शकते.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, किंवा लाली पसरतेय, पू येतोय, तर मात्र वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.